घराच्या नूतनीकरणाला नक्की किती दिवस? क्रिटिकल पाथ, कागद-पेन्सिल घेऊन

फ्लॅटमधलं स्वयंपाकघर आणि बाथरूम नव्याने करायचं ठरलं की ठेकेदाराला पहिला प्रश्न विचारला जातो, "किती दिवस लागतील?" तो मनातल्या मनात एकेका कामाचे दिवस मोजतो आणि सांगतो, "धरा दोन महिने." घरमालक मनात म्हणतो, एवढंसं तर घर आहे, आठ-दहा माणसं लावली तर पंधरा दिवसांत होईल. बहुतेक वेळा दोघांचंही चुकतं. ठेकेदार एकाच वेळी चालू शकणारी कामं एकापुढे एक मांडून बेरीज करतो. घरमालक विसरतो की काही कामं एकमेकांच्या मागेच उभी असतात आणि कितीही माणसं आणली तरी ती रांग तुटत नाही.

खरं उत्तर या दोन आकड्यांच्या मध्ये कुठेतरी असतं आणि ते नेमकं काढता येतं. त्यासाठी लागतात फक्त दोन गोष्टी: प्रत्येक कामाला किती दिवस, आणि ते सुरू होण्याआधी कोणतं काम संपलेलं असायला हवं. एक नेहमीचं उदाहरण घेऊ. दिवस कामाचे धरले आहेत, रविवार वगळून.

| क्र. | काम | दिवस | कोणत्या कामानंतर |
|---|---|---|---|
| १ | तोडफोड आणि राबिट बाहेर काढणं | ४ | – |
| २ | भिंतीतले नळाचे पाइप | ५ | १ |
| ३ | वायरिंग | २ | १ |
| ४ | बाथरूमचं वॉटरप्रूफिंग | ६ | २ |
| ५ | बाथरूमच्या टाइल्स | ७ | ४ |
| ६ | ओटा आणि त्यामागच्या टाइल्स | ६ | २, ३ |
| ७ | वर्कशॉपमध्ये ट्रॉल्या बनवणं | १५ | ६ |
| ८ | ट्रॉल्या बसवणं | २ | ७, १० |
| ९ | बाथरूमचे नळ, कमोड, बेसिन | २ | ५ |
| १० | पुट्टी, प्रायमर, रंगाचा पहिला हात | ६ | ५, ६ |
| ११ | रंगाचा शेवटचा हात | ३ | ८, ९ |
| १२ | साफसफाई | १ | ११ |

सगळ्या दिवसांची बेरीज ५९ होते. ठेकेदाराचे दोन महिने इथून येतात.

या तक्त्यात सगळ्यात महत्त्वाचा आहे तो शेवटचा रकाना, आणि चुकाही तिथेच होतात. ट्रॉल्या ओट्यानंतर का? आपल्याकडे अजूनही बऱ्याच घरांत ओटा कडप्प्याच्या उभ्या फरश्यांवर उभा राहतो आणि त्यावर ग्रॅनाइट बसतं. दोन कडप्प्यांमधल्या मोकळ्या जागेत ट्रॉली सरकते. मिस्त्रीने कडप्पा अर्धा इंच आत घेतला, तर नकाशावरून बनवलेली ट्रॉली आत जातच नाही. म्हणून ट्रॉलीवाला सांगतो, "आधी ओटा करून घ्या, मग मी माप घ्यायला येतो." हे खरं बंधन आहे. उलट "आधी बाथरूम पुरं करू, मग स्वयंपाकघर" ही निव्वळ सवय आहे. ती या रकान्यात शिरली की वेळापत्रक विनाकारण लांबतं. प्रत्येक नोंदीला विचारायचं: आधीचं काम झालं नाही, तर हे काम अशक्य होईल, खराब होईल, की फक्त गैरसोयीचं होईल? पहिल्या दोघांना रकान्यात जागा, तिसऱ्याला नाही. पुट्टी टाइल्सनंतर येते कारण टाइल्स कापताना उडणारी धूळ ओल्या पुट्टीवर बसते. ट्रॉल्या पहिल्या हातानंतर येतात कारण पुट्टी घासताना पडणारी भुकटी ट्रॉलीच्या चॅनेलमध्ये गेली की ट्रॉली खरखरते.

आता कामं ओळीत लावू. ज्या कामाआधी काहीच नाही ते उचला: तोडफोड. ती झाली असं समजून यादीतून खोडा. तिच्यावर अडलेली पाइप आणि वायरिंग ही दोन्ही आता मोकळी झाली. तीही उचला, खोडा, पुढे कोण मोकळं झालं ते पाहा. शेवटचं काम खोडेपर्यंत हेच करत राहायचं. ही पद्धत आर्थर कान यांनी १९६२ मध्ये मोठ्या जाळ्यांसाठी लिहून काढली, आणि संगणकशास्त्राच्या वर्गात ती आजही त्यांच्याच नावाने शिकवतात.

कधी कधी मध्येच अडतं. यादीत कामं शिल्लक असतात, पण मोकळं एकही नसतं. याचा अर्थ बंधनं गोल फिरतायत. स्वयंपाकघरात असं गाठोडं हमखास सापडतं: मिस्त्री म्हणतो, ट्रॉल्यांची मांडणी कळल्याशिवाय कडप्पा कुठे उभा करू? आणि ट्रॉलीवाला म्हणतो, ओटा झाल्याशिवाय ट्रॉल्या कशा सांगू? दोघंही बरोबर बोलतायत. सुटका एकच, कामाचे तुकडे करायचे. ट्रॉल्यांची मांडणी कागदावर आधी ठरते, मग ओटा होतो, मग नेमकी मापं घेतली जातात. आपल्या उदाहरणात ती मांडणी काम सुरू होण्याआधीच ठरली आहे असं धरलंय.

क्रम लागला की हिशेब सुरू. प्रत्येक काम लवकरात लवकर कधी सुरू होईल? त्याच्या आधीच्या कामांपैकी जे सगळ्यात उशिरा संपतं, ते संपल्यावर. तोडफोड चौथ्या दिवसाअखेर संपते. त्यानंतर पाइप ९ ला आणि वायरिंग ६ ला संपतं. ओट्याला दोन्ही लागतात, म्हणून तो ६ ला सुरू न होता ९ ला सुरू होतो आणि १५ ला संपतो. वॉटरप्रूफिंगही ९ ते १५. त्यानंतर बाथरूमच्या टाइल्स २२ पर्यंत, बाथरूमची फिटिंग्ज २४ पर्यंत. पुट्टी आणि पहिला हात २२ ते २८. तिकडे वर्कशॉपमध्ये ट्रॉल्या १५ ते ३०. बसवणं ३० ते ३२, शेवटचा हात ३५ पर्यंत, साफसफाई झाली की ३६.

म्हणजे उत्तर ३६ दिवस. तेही यापेक्षा कमी नाही, मग माणसं कितीही असोत.

हाच हिशेब एक्सेलमध्ये करायचा तर प्रत्येक कामाला एक ओळ द्या, B मध्ये दिवस, C मध्ये सुरुवात, D मध्ये शेवट. तोडफोड दुसऱ्या ओळीत, पाइप तिसऱ्या आणि वायरिंग चौथ्या ओळीत असेल, आणि ओटा सातव्या, तर ओट्याच्या दोन घरांत एवढंच लिहायचं:

```
C7:  =MAX(D3,D4)
D7:  =C7+B7
```

बंधनं गोल फिरत असतील तर एक्सेलच सर्क्युलर रेफरन्सची सूचना देतं. ती सूचना बंद करून टाकण्याचा मोह आवरा. ती तुमच्या वेळापत्रकातली खरी चूक दाखवत असते. आणि या C रकान्यानुसार ओळी चढत्या क्रमाने लावल्या, तर तोच कामांचा योग्य क्रम होतो. कोणतंही काम आपल्या आधीच्या कामाच्या वर जात नाही, कारण प्रत्येक कामाला किमान एक दिवस तरी लागतो. फक्त आकडे आधी पक्के करून दुसरीकडे चिकटवा आणि मग क्रम लावा, नाहीतर सूत्रांची घरं विस्कटतात.

आता सगळ्यात लांब साखळी कोणती? ती शोधायला वेगळं गणित लागत नाही. शेवटच्या कामापासून मागे चालायचं आणि प्रत्येकाला विचारायचं, "तू कोणासाठी थांबला होतास?" साफसफाई शेवटच्या हातासाठी थांबली होती. शेवटचा हात ट्रॉल्या बसवण्यासाठी, कारण बाथरूमची फिटिंग्ज तर २४ लाच झाली होती. बसवणं ट्रॉल्या बनण्यासाठी, पहिल्या हातासाठी नाही. ट्रॉल्या ओट्यासाठी, ओटा पाइपसाठी, पाइप तोडफोडीसाठी. ही झाली साखळी: ४, ५, ६, १५, २, ३, १. बेरीज बरोबर ३६. हाच क्रिटिकल पाथ.

या साखळीतलं सगळ्यात मोठं काम घरात होतच नाही. सोळाव्या दिवसापासून घरात टाइल्सचे कटर किंचाळत असतात, सिमेंटच्या गोण्या येत-जात असतात, रंगारी शिडी लावतो, घरमालक रोज संध्याकाळी येऊन बाथरूमकडे बघत बसतो. शेवटची तारीख मात्र गावाबाहेरच्या एका वर्कशॉपमध्ये ठरत असते, आणि तिथे फोन करायचं कोणाला सुचत नाही.

बाकीच्या कामांना किती ढील आहे ते उलट्या दिशेने मोजतात. ३६ ला संपवायचं तर साफसफाई ३५ ला सुरू व्हायला हवी, शेवटचा हात ३२ ला, ट्रॉल्या बसवणं ३० ला. म्हणजे रंगाचा पहिला हात ३० पर्यंत संपला तरी चालेल. तो २८ ला संपतो, दोन दिवसांची सवड. बाथरूमची फिटिंग्ज ३२ पर्यंत चालतील, सवड आठ दिवस. वायरिंगला तीन. वेळापत्रकवाले याला फ्लोट म्हणतात. क्रिटिकल पाथवरच्या प्रत्येक कामाची सवड शून्य असते.

इथे एक गोम आहे. हिशेब केला तर वॉटरप्रूफिंगला दोन दिवस सवड, बाथरूमच्या टाइल्सला दोन, पुट्टीला दोन असं दिसतं. ही सवड तिघांची मिळून दोनच दिवस आहे. वॉटरप्रूफिंगवाल्याने ती वापरली की पुढच्या दोघांकडे काही उरत नाही. तिघांनाही स्वतंत्रपणे "तुमच्याकडे दोन दिवस जास्तीचे आहेत" असं सांगितलं तर काम चार दिवसांनी लांबतं, आणि प्रत्येकजण शपथेवर सांगतो की मी दिलेल्या मुदतीतच होतो. म्हणून साइटवर सवड कोणाला सांगू नये. लवकरात लवकरची तारीख सांगावी.

आता पैशांचा प्रश्न, कारण ही पद्धत मुळात त्यासाठीच निघाली. १९५७ च्या सुमारास अमेरिकेतल्या ड्यूपॉन्ट या रसायन कंपनीचे मॉर्गन वॉकर आणि संगणक बनवणाऱ्या रेमिंग्टन रँडचे जेम्स केली यांना हेच हवं होतं: कारखाना लवकर उभा करायचा तर जादा पैसे कोणत्या कामावर लावावेत? त्यांचं गणित युनिव्हॅक संगणकावर चाललं. आपल्याला पेन्सिल पुरते.

समजा तुम्ही जादा पैसे देऊन दुसरा टाइल्सचा मिस्त्री आणलात आणि बाथरूम सातऐवजी चार दिवसांत झालं. शेवटची तारीख किती अलीकडे आली? शून्य दिवस. ते काम साखळीवर नव्हतंच. बाथरूम लवकर चकचकीत झालेलं पाहून बरं वाटेल, एवढंच.

मग वर्कशॉपला जादा पैसे देऊन ट्रॉल्या पंधराऐवजी दहा दिवसांत करून घेऊ. आता ट्रॉल्या २५ लाच तयार. तरी काम ३१ ला संपत नाही, कारण पहिला हात २८ शिवाय होत नाही. बसवणं २८ ते ३०, शेवटचा हात ३३, साफसफाई ३४. पाच दिवसांचे पैसे दिले, मिळाले दोन. दोन दिवस कमी होताच बाथरूमची साखळी तितकीच लांब ठरली आणि सूत्रं तिच्या हातात गेली. म्हणून वेळ विकत घ्यायचा तर एकेक दिवस घ्यावा आणि प्रत्येक वेळी मागे चालून पुन्हा विचारावं, आता कोण कोणासाठी थांबलंय. वर्कशॉपवाल्याशी बोलताना "तेरा दिवसांत द्याल का?" असं विचारलं असतं तरी तेवढाच फायदा झाला असता, बहुधा कमी पैशांत.

एवढ्या हिशेबात एक मोठं गृहीतक दडलंय: लागेल तेव्हा लागेल तो माणूस हजर आहे. आपल्या वेळापत्रकात ९ ते १५ या दिवसांत वॉटरप्रूफिंग आणि ओटा बरोबरीने चालतात. लहान ठेकेदारांकडे दोन्ही कामं करणारा मिस्त्री एकच असतो. मग कोणतं आधी? ओटा आधी घेतला तर वॉटरप्रूफिंग १५ ला सुरू होऊन २१ ला संपतं, टाइल्स २८, पहिला हात ३४, आणि सगळं ४० दिवसांत उरकतं. वॉटरप्रूफिंग आधी घेतलं तर ओटा २१ ला होतो, ट्रॉल्या ३६ ला येतात, आणि शेवट ४२. ज्याची सवड शून्य ते आधी, हा ढोबळ नियम इथे लागू पडला. नेहमी पडेलच असं नाही, कारण माणसांची टंचाई आली की हे गणित एकदम अवघड होतं. कागदावर "काम ४ हे काम ६ नंतर" अशी जादा नोंद करून पुन्हा मोजणं हा त्यातल्या त्यात सोपा मार्ग. फक्त ती नोंद वेगळ्या रंगात करा. उद्या दुसरा मिस्त्री मिळाला तर ती खोडायची आहे हे लक्षात राहायला हवं.

दिनदर्शिकेचंही तसंच. सिमेंट रविवारीही मुरतं, माणसं रविवारी येत नाहीत. गौरी-गणपतीला वर्कशॉपमधली अर्धी माणसं गावी जातात, तेव्हा पंधरा दिवस कामाचे आहेत की कॅलेंडरचे हे माप देतानाच विचारून घ्यावं.

आणि अंदाज चुकतात ते बहुतेक एकाच बाजूला. ट्रॉल्या बसवणं दोन गोष्टींसाठी थांबतं: ट्रॉल्या आणि पहिला हात. दोन्ही वेळेवर होण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी असेल आणि त्यांचा एकमेकांशी संबंध नसेल, तर दोन्ही वेळेवर होण्याची शक्यता पाव उरते. जिथे साखळ्या एकत्र येतात तिथे उशीर साठतो. एक साखळी लवकर आली तर तिला दुसरीची वाट पाहावी लागते, पण एक उशिरा आली की सगळे थांबतात. म्हणून ३६ हा आकडा घरच्यांना सांगू नये, आणि वास्तुशांतीचा मुहूर्त तर मुळीच त्यावर धरू नये.

कामं सुरू झाल्यावर हा कागद कसा वापरायचा ते एका प्रसंगात दाखवतो. वॉटरप्रूफिंगच्या सहा दिवसांतले शेवटचे दोन दिवस पाणी कोंडून ठेवण्याचे. नहाणी ट्रॅपमध्ये कापडाचा घट्ट बोळा कोंबायचा, फरशीवर चार बोटं पाणी भरायचं, भिंतीवर पातळीची खडूने खूण करायची आणि खालच्या मजल्यावर जाऊन त्यांच्या बाथरूमचं छत बघायचं. समजा पंधराव्या दिवशी तिथे ओलीचा डाग दिसला. कोपऱ्यातला थर पुन्हा करायचा, सुकू द्यायचा, पुन्हा पाणी भरायचं: चार दिवस वाढले. वॉटरप्रूफिंग आता १९ ला संपेल.

सवड दोन दिवसांची होती, ती गेली, आणि वर आणखी दोन दिवस गेले. टाइल्स २६, पहिला हात ३२, बसवणं ३४, शेवटचा हात ३७, साफसफाई ३८. पंधराव्या दिवशीच्या संध्याकाळीच हे कळतं, तेविसाव्या दिवशी रंगाऱ्याला परत पाठवताना नाही. साखळीही बदलली. काल जी बाथरूमच्या टाइल्स, पुट्टी ही कामं दुय्यम होती तीच आता तारीख ठरवतायत, आणि ट्रॉल्या ३० ला तयार होऊन दोन दिवस पडून राहतील. वर्कशॉपला घाई करायला लावण्यात आज काहीच अर्थ नाही. उलट त्यांना सांगता येईल, दोन दिवस उशिरा आणलंत तरी चालेल, फक्त त्याहून उशीर नको. आणि जो दुसरा टाइल्सचा मिस्त्री आधी पैसे वाया घालवणारा वाटत होता, त्याला आता फोन करावा. बाथरूम सातऐवजी पाच दिवसांत झालं की शेवट परत ३६ वर येतो. चार दिवसांत झालं तरीही ३६ च, कारण मग पुन्हा ट्रॉल्यांसाठी थांबावं लागतं.

मिस्त्रीला विचारताना मात्र "किती टक्के झालं?" असं विचारू नका. नव्वद टक्के झालेलं काम आठवडाभर नव्वद टक्केच राहू शकतं. "अजून किती दिवस?" असं विचारा, जो आकडा येईल तो त्या कामाच्या झालेल्या दिवसांत मिळवा आणि ती बेरीज B रकान्यात भरा.